समागमानंतर रक्त दिसले तर: आखूड ‘दोरी’ आणि तिचे उपाय

पुरुषाच्या इंद्रियाच्या खालच्या बाजूस, टोकाचा मऊ भाग आणि त्यावरची सरकती कातडी यांना जोडणारी एक बारीक पट्टी असते. वैद्यकात तिला ‘फ्रेन्युलम’ म्हणतात. आपण तिला दोरी म्हणू. काहींच्या बाबतीत ही दोरी जन्मतःच आखूड असते. कातडी मागे सरकली की ती ताणली जाते, टोक खाली ओढले जाते आणि समागमाच्या वेळी ती चिरते. तिच्यातून एक छोटी रोहिणी जात असल्याने जखम नखाएवढी असली तरी रक्त भरपूर येते.

हा त्रास बहुधा तारुण्यात सुरू होतो. पण उतारवयातही तो नव्याने डोके वर काढतो. त्रेसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत असे समजा. हृदयविकारामुळे ते रोज ॲस्पिरिनची गोळी घेतात. समागमानंतर चादरीवर रक्त दिसते आणि पती-पत्नी दोघेही घाबरतात. अशा वेळी पहिला प्रश्न असा, की रक्त कोणाचे? दिव्याच्या उजेडात नीट पाहिल्यास दोरीवरची चीर दिसते. ती दिसली नाही आणि रक्त पत्नीच्या अंगावरून आलेले असले, तर रजोनिवृत्तीनंतरचा असा रक्तस्राव एकदाच झाला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे. लघवीत किंवा वीर्यात रक्त असेल तर तीही निराळी बाब आहे, आणि तीही डॉक्टरांनीच पाहावी.

चीर दोरीवरच असेल, तर आडवे पडून स्वच्छ सुती कापडाने ती बोटांच्या चिमटीत घट्ट दाबून धरावी. घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे दाबावी, मध्ये कापड उचलून पाहू नये. नेमकी हीच चूक बहुतेक जण करतात, आणि धरू लागलेली गुठळी निघून जाते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आणखी दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. अर्ध्या तासाच्या सलग दाबानंतरही रक्त वाहत राहिले, तर रुग्णालय गाठावे. कातडी मागे अडकली असेल, किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन इंद्रिय सुजले व काळेनिळे पडले असेल, तरीही त्याच वेळी निघावे. ती दोरीची जखम नव्हे, आणि तेथे सकाळपर्यंत थांबून चालत नाही.

पुढे जखम रोज साध्या पाण्याने धुवावी आणि कातडी पुन्हा जागेवर आणावी. हळद, डेटॉल, स्पिरिट यांतले काही लावू नये. नाजूक कातडी त्यांनी भाजते. दोन ते तीन आठवडे समागम टाळावा. वरवर भरलेली जखम आतून कच्चीच असते, आणि घाईने पुन्हा चिरली की भरताना तेथे कडक व्रण धरतो. व्रण ताणत नाही, म्हणून पुढची चीर अधिक सहज पडते.

म्हणून घर्षण कमी करणे हा पहिला उपाय. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या योनिमार्गास कोरडेपणा येतो आणि त्याचा ताण पुरुषाच्या दोरीवरही पडतो, हे फारसे कोणी सांगत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली दोघांनाही उपयोगी पडते. खोबरेल तेल चालते, परंतु निरोध वापरत असाल तर नको. तेलाने रबर फाटते.

दुसरे म्हणजे साखर तपासून घ्यावी. मधुमेहात कातडीला बुरशीचा संसर्ग होऊन बारीक भेगा पडतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी हा धोका वाढतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. कातडी पांढरट, कडक होत असेल तर तो निराळा त्वचारोग असू शकतो. तीन आठवड्यांत न भरणारी जखम तर दाखवायलाच हवी, कारण क्वचित ती कर्करोगाची सुरुवात असते.

एवढे करूनही दोरी पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञ ती छोट्या शस्त्रक्रियेने लांब करतात. तेवढीच जागा इंजेक्शनने बधिर करून दोरीला आडवा छेद देतात आणि तो उभ्या दिशेने शिवतात. त्यामुळे लांबी वाढते. काम सहसा अर्ध्या तासात आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके बहुधा विरघळणारे असतात व दोन-तीन आठवड्यांत गळून पडतात. समागम साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य असतो. कातडीच मागे सरकत नसेल, तर सुंता हा पर्याय सुचवला जातो. ॲस्पिरिन थांबवायचे की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून शल्यविशारदच ठरवतात. म्हणून पहिल्याच भेटीत औषधांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत. वडिलांना किंवा आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढेच करावे, की तपासणीच्या वेळी दाराबाहेर थांबावे.