बोनसच्या महिन्यात टीडीएस एवढा का कापला जातो?

बोनस जमा झाल्याचा आनंद पगाराची स्लिप उघडेपर्यंतच टिकतो, असा अनेक नोकरदारांचा अनुभव आहे. एरवी आठ-दहा हजार कापला जाणारा टीडीएस त्या महिन्यात एकदम साठ हजारांवर गेलेला दिसतो. मग ‘बोनसला वेगळा, चढा कर लागतो’ अशी समजूत होते. ती चुकीची आहे. प्राप्तिकर कायद्याच्या लेखी पगार आणि बोनस हे एकाच प्रकारचे उत्पन्न आहे आणि दोन्हींना दरही तेच लागतात. तरीही कपात मोठी दिसते, त्याची दोन कारणे आहेत.

ती समजण्यासाठी एक हिशेब मांडू. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे घेऊ. महिना १,२५,००० रुपये पगार असलेल्या कर्मचाऱ्याची वर्षाची कमाई १५ लाख होते. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की १४,२५,००० रुपये करपात्र उरतात. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि १२ लाखांवरच्या रकमेवर १५ टक्के. हा कर ९३,७५० रुपये होतो. त्यावर ४ टक्के सेस धरला की ९७,५००. बारा महिन्यांत वाटल्यावर दरमहा ८,१२५ रुपये, म्हणजे पगाराच्या साडेसहा टक्के कपात होते.

आता ऑक्टोबरमध्ये त्याला ३ लाख रुपये बोनस मिळाला. करमुक्त ४ लाख, प्रमाणित वजावट, ५ आणि १० टक्क्यांचे टप्पे हे सगळे पगाराने आधीच वापरून टाकले आहे. बोनसच्या वाट्याला त्यातले काहीच उरत नाही. त्यातले पहिले १,७५,००० रुपये १५ टक्क्यांच्या टप्प्यात बसतात, उरलेले १,२५,००० रुपये १६ लाखांच्या वर जाऊन २० टक्क्यांच्या टप्प्यात पडतात. सेससकट हा कर ५३,३०० रुपये होतो, म्हणजे बोनसच्या जवळपास १८ टक्के. पगारावर साडेसहा आणि बोनसवर १८, हा फरक टप्प्यांमुळे पडतो. पगाराचा दर ही तळापासूनच्या सगळ्या टप्प्यांची सरासरी असते, बोनसला मात्र फक्त वरचे टप्पे लागतात. हे पहिले कारण.

दुसरे कारण कपातीच्या वेळेचे. प्राप्तिकर कायद्यानुसार मालकाने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा आणि तो दर महिन्याच्या पगारातून कापत जायचा. अंदाज बदलला, तर कमी-जास्त झालेली रक्कम त्याच आर्थिक वर्षात जुळवून घ्यायची मुभाही हाच कायदा देतो. बोनसची रक्कम एप्रिलमध्ये बहुतेक वेळा ठरलेली नसते. म्हणून ती अंदाजात धरली जात नाही आणि तिच्यावरचा वर्षाचा सगळा कर ती मिळते त्या महिन्यात समोर येतो.

हा कर कसा कापायचा, हे कंपनीच्या पेरोलच्या पद्धतीवर ठरते. आपल्या उदाहरणात काही कंपन्या ऑक्टोबरमध्येच ८,१२५ अधिक ५३,३०० असे ६१,४२५ रुपये कापतील आणि नोव्हेंबरपासून पुन्हा ८,१२५ वर येतील. काही कंपन्या वर्षाचा एकूण कर १,५०,८०० रुपये धरतील, सप्टेंबरपर्यंत कापलेले ४८,७५० वजा करतील आणि उरलेले १,०२,०५० सहा महिन्यांत वाटून दरमहा सुमारे १७,००८ रुपये कापतील. बोनसचा अंदाज एप्रिलपासूनच धरला असता, तर दर महिन्याला सुमारे १२,५६७ रुपये गेले असते आणि ऑक्टोबरमध्ये उडी दिसलीच नसती. तिन्ही वाटांनी मार्चअखेर कापलेला कर १,५०,८०० रुपयेच होतो. बोनस मार्चमध्ये मिळाला, तर वाटून घ्यायला पुढचे महिनेच नसतात. त्यामुळे सगळी कपात एकदम होते.

इथवर फटका फक्त दिसण्यात होता. पण एका पगारगटात तो खरोखरच मोठा असतो आणि तिथे आधीच सावध राहायला हवे. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर रिबेटमुळे कर शून्य होतो. महिना १,०५,००० रुपये पगार असलेल्याचे करपात्र उत्पन्न वजावटीनंतर ११,८५,००० होते, म्हणून त्याचा टीडीएस वर्षभर शून्य असतो. त्याला एका पगाराएवढा, म्हणजे १,०५,००० रुपये बोनस मिळाला, की करपात्र उत्पन्न १२,९०,००० वर जाते आणि रिबेट पूर्णपणे हातचा जातो. मग १२ लाखांवरच्या ९० हजारांचाच नव्हे, तर खालच्या टप्प्यांचाही कर भरावा लागतो. तो ७३,५०० रुपये आणि सेससकट ७६,४४० रुपये होतो. सव्वा लाखाच्याही आतल्या बोनसमधून जेमतेम साडेअठ्ठावीस हजार हाती येतात.

कायद्याने इथे मार्जिनल रिलीफ ठेवला आहे. १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न असेल, त्याहून जास्त कर (सेस वगळून) घेतला जात नाही. बोनस ५०,००० असता, तर वरचे उत्पन्न ३५,००० ठरले असते आणि कर सेससकट ३६,४०० रुपयांवर थांबला असता. पण करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ रुपयांच्या पुढे गेले, की या सवलतीचा उपयोग संपतो.

या गटातल्यांसाठी एक कायदेशीर वाट आहे. नव्या करप्रणालीतही मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा मिळते. मूळ पगार ५०,००० असेल, तर वर्षाला ८४,००० रुपये. एवढी रक्कम पगाराच्या रचनेतून एनपीएसकडे वळवली, तर वरच्या उदाहरणातले उत्पन्न १२,०६,००० वर येते आणि कर ७६,४४० ऐवजी ६,२४० होतो. हे पैसे निवृत्तीसाठी अडकतात, हे मात्र लक्षात घ्यावे. ही रचना कंपनीशी वर्षाच्या सुरुवातीला ठरवावी लागते. बोनस खात्यात आल्यावर धावपळ करून ती साधत नाही.

कपात बरोबर आहे का, हे तपासायला पेरोलकडून कराचा वार्षिक हिशेबपत्रक मागून घ्यावे. त्यात वर्षाचे एकूण उत्पन्न बोनस धरून आहे का, तो दोनदा तर धरला नाही ना, आणि पुढच्या महिन्यांच्या अंदाजात बोनसचा महिनाच नेहमीचा पगार म्हणून गुणला गेला नाही ना, हे पाहावे. करप्रणाली आपण निवडलेलीच लावली आहे का, हेही पाहावे. काहीच कळवले नाही, तर नवी प्रणाली लागू होते. जुनी निवडली असून गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत, तर त्या वजावटी हिशेबातून गळतात आणि तो वाढीव करही बोनसच्याच महिन्यात येऊन पडू शकतो.

जास्त कापले गेल्याचे दिसले, तर मार्चपूर्वी पेरोलला सांगून दुरुस्ती करून घ्यावी. तोवर जमले नाही, तर विवरणपत्र भरल्यावर जादा रक्कम परत मिळते. टीडीएस हा आगाऊ भरलेला कर आहे आणि अखेरचा हिशेब वर्षाच्या एकूण उत्पन्नावरच होतो. म्हणून बोनसच्या महिन्याची स्लिप एकटी पाहू नका. वर्षाचे हिशेबपत्रक शेजारी ठेवूनच ती वाचा.