रात्रीचा भुंकणारा खोकला

दीड वर्षाचं मूल. दोन दिवस नाक वाहतंय, थोडी कणकण आहे, पण दिवसभर खेळलंय. रात्री एकच्या सुमाराला ते दचकून उठतं आणि खोकतं, तो आवाज कुत्रं भुंकल्यासारखा. रडू येतं ते घोगरं, आणि मध्येच श्वास आत घेताना घशातून ‘हीं’ असा कर्कश आवाज निघतो. घरातलं कुणी म्हणतं, घशात काही अडकलं. कुणी म्हणतं, डांग्या खोकला. बहुतेक वेळा हा असतो क्रूप.

क्रूप साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे होतो, त्यातही पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे सर्वांत जास्त. सहा महिने ते तीन वर्षं हे त्याचं मुख्य वय, आणि त्याला कारण आहे श्वासनलिकेची रचना. स्वरयंत्राच्या लगेच खाली कूर्चेचं एक पूर्ण गोल कडं असतं. ते बाहेरच्या बाजूला ताणलं जात नाही, म्हणून सूज आली की ती आतच वाढते. लहान मुलाची ही वाट चार मिलिमीटर रुंद धरली आणि चारी बाजूंनी एकेक मिलिमीटर सूज आली, तर हवेला जायला पूर्वीच्या पाव भाग जागा उरते. मोठ्या माणसाला तेवढ्याच सुजेने फक्त आवाज बसतो. रात्री हा त्रास वाढतो. पहिल्या दोन-तीन रात्री सर्वांत वाईट जातात, मग आठवड्याभरात खोकला ओसरतो.

आता त्या रात्रीकडे वळू. पहिलं काम, मुलाला उचलून मांडीवर उभट बसवायचं आणि आपला आवाज खाली ठेवायचा. मूल रडलं की ते जोरात श्वास ओढतं आणि अरुंद झालेली नळी आणखी आत खेचली जाते, म्हणून त्याला शांत करणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. आवडीचं गाणं, आईचा खांदा, जे चालेल ते. घशात बोट घालून किंवा चमच्याने जीभ दाबून बघू नका. पाणी किंवा दूध घोटघोट द्या. ताप असेल तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं पॅरासिटामॉल द्या. खोकल्याचं सिरप देऊ नका, त्याने सूज उतरत नाही. विषाणूवर अँटिबायोटिकही चालत नाही.

वाफारा देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. क्रूपमध्ये त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं दवाखान्यात येतात ती याच घाईत. त्यामुळे पातेलं गॅसवर चढवूच नका. बाहेर गार हवा असेल तर मुलाला पांघरुणात गुंडाळून थोडा वेळ गच्चीत न्यायला हरकत नाही. जिनिव्हाच्या एका चाचणीत अशा थंड हवेने अर्ध्या तासात मुलांना आराम पडलेला दिसला. पण तिथली हवा दहा अंशांखालची होती. मुंबईच्या उकाड्यातल्या रात्री तेवढी आशा धरू नये.

दहा मिनिटांत मूल शांत होतं. आता कान देऊन ऐका: रडणं थांबल्यावरही श्वास आत घेताना तो ‘हीं’ आवाज येतोय का? फक्त रडताना किंवा खोकताना येत असेल आणि मूल पाणी पितंय, हसतंय, तर त्रास सौम्य आहे. रात्र त्याच्याजवळ झोपून काढा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. निवांत बसलेल्या किंवा झोपलेल्या मुलालाही आवाज येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. सदरा वर करून छाती बघा. श्वासाबरोबर गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर लगेच निघा. लाळ गिळता येत नसेल, ओठ निळसर किंवा चेहरा पांढराफटक पडला असेल, मूल सुस्त होत असेल, तर १०८ ला फोन करा. एक गोष्ट मात्र फार फसवते: मघापासून जोरात येणारा आवाज अचानक हळू झाला, पण मूल गळून गेलंय. हा आराम नव्हे, ते थकलंय आणि पुरेशी हवा जातच नाही.

सर्दी-ताप काही नव्हतं, शेंगदाणे खाता खाता ठसका लागला आणि मग आवाज सुरू झाला, तर तो क्रूप समजू नका. दाणा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. जोराचा ताप, लाळ आणि मान पुढे काढून बसलेलं मूल हेही वेगळं आणि गंभीर दुखणं. लसी चुकलेल्या मुलात घटसर्पाचाही विचार करावा लागतो, म्हणून लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. सहा महिन्यांहून लहान बाळ असेल, तर आवाज हलका वाटला तरी त्याच रात्री दाखवा.

दवाखान्यात बहुतेकांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकदाच पाजतात. त्या नावाला घाबरू नका. त्या एका डोसाने काही तासांत सूज उतरू लागते आणि पुन्हा धावत यायची वेळ कमी मुलांवर येते. त्रास जास्त असेल तर अ‍ॅड्रेनॅलिनचा नेब्युलायझर लावतात. त्याने काही मिनिटांत आराम पडतो, पण दोनेक तासांत असर ओसरतो आणि सूज परत जाणवू शकते. म्हणून मूल खेळायला लागलं तरी डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात, तेव्हा थांबा.