रेषा वक्राला किती ठिकाणी भेटते?

एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागले की परिमेय फल मिळते. y = (x² + 3)/(x − 1) हे त्याचे साधे उदाहरण. x = 1 ठेवल्यास छेद शून्य होतो, म्हणून तिथे फलाला किंमतच नाही. आलेख त्या जागी तुटतो आणि त्याच्या दोन शाखा होतात. x = 1 च्या डावीकडची शाखा खाली राहते, उजवीकडची वर. अशा आलेखावरून एखादी सरळ रेषा ओढली, तर ती त्याला किती बिंदूंत छेदेल, हे आलेख न काढता सांगता येते.

सुरुवात आडव्या रेषेपासून करणे सोयीचे. y = k ही रेषा घेतली, तर छेदनबिंदूवर रेषेचा आणि आलेखाचा y एकच असतो, म्हणजे (x² + 3)/(x − 1) = k. दोन्ही बाजूंना (x − 1) ने गुणून सगळी पदे एका बाजूला आणली की वर्गसमीकरण उरते:

x² − kx + (k + 3) = 0

छेदनबिंदू किती, हा प्रश्न आता या समीकरणाला वास्तव मुळे किती, असा झाला. त्याचे उत्तर विवेचक देतो. ax² + bx + c = 0 या समीकरणाचा विवेचक b² − 4ac. तो धन असेल तर दोन वेगळी मुळे, शून्य असेल तर एकच (दोनदा आलेले) आणि ऋण असेल तर वास्तव मूळ नाही. त्यातला 4 कुठून येतो, हे श्रीधराचार्यांच्या रीतीत दिसते. समीकरण 4a ने गुणून त्याची मांडणी (2ax + b)² = b² − 4ac अशी करायची. डावीकडे वर्ग आहे, तो ऋण होऊ शकत नाही. त्यामुळे उजवी बाजू ऋण निघाली की विषय संपला. श्रीधराचार्यांचा मूळ बीजगणित ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा हा नियम टिकला तो भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ात उद्धृत केल्यामुळे.

इथे विवेचक k² − 4(k + 3), म्हणजेच (k − 6)(k + 2). k = 7 साठी तो 9 येतो, मुळे 2 आणि 5; दोन्ही मूळ फलात ठेवून पाहिली तर किंमत 7 च मिळते. k = 0 साठी तो −12 येतो, म्हणजे आलेख x-अक्षाला कुठेच भेटत नाही. एकूण −2 आणि 6 यांच्यामधली कोणतीही आडवी रेषा दोन शाखांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून आलेखाला न शिवता निघून जाते. k = 6 आणि k = −2 या सीमेवरच्या रेषा आलेखाला नुसत्या टेकतात, एक (3, 6) या बिंदूत, दुसरी (−1, −2) या बिंदूत. उजव्या शाखेचा तळ आणि डाव्या शाखेचे शिखर असे कलनशास्त्राला हात न लावता हाती लागले. दोनदा आलेले मूळ म्हणजे स्पर्श, ही कल्पना देकार्तने १६३७ मध्ये वक्रांचे अभिलंब काढण्यासाठी वापरली होती; कलनशास्त्र त्यानंतरचे.

तिरप्या रेषेसाठीही कृती हीच, पण इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात भलेभले अडखळतात. आरंभबिंदूतून जाणारी y = mx ही रेषा घेतली, तर समीकरण असे होते:

(1 − m)x² + mx + 3 = 0

विवेचक m² + 12m − 12. तो शून्य होतो m = −6 ± 4√3 असताना, म्हणजे सुमारे 0.93 आणि −12.93 ला. या दोन चढांच्या मधल्या रेषा आलेखाला भेटत नाहीत, बाहेरच्या दोनदा भेटतात. एवढ्यावर थांबले की उत्तर चुकते. m = 1 ठेवल्यास विवेचक 1 येतो, धन आहे, मग दोन छेदनबिंदू हवेत. प्रत्यक्षात x² चा सहगुणकच शून्य झाल्यामुळे समीकरण x + 3 = 0 एवढेच उरते आणि छेदनबिंदू एकच राहतो, (−3, −3).

दुसरा बिंदू गेला कुठे? m = 0.99 घेतला तर मुळे सुमारे −3.13 आणि −95.87 येतात; m = 1.01 घेतला तर −2.89 आणि 103.89. एक मूळ −3 च्या आसपास जागच्या जागी आहे. दुसरे डावीकडे दूरदूर जाते, m = 1 ला नाहीसे होते आणि लगेच उजवीकडच्या टोकाकडून परत येते. याचे कारण भागाकारात आहे: (x² + 3)/(x − 1) = x + 1 + 4/(x − 1). x खूप मोठा झाला की शेवटचे पद नगण्य होते आणि आलेख y = x + 1 या रेषेला हवा तितका जवळ जातो. ही आलेखाची तिरपी अनंतस्पर्शी रेषा. 1 चढाची प्रत्येक रेषा हिला समांतर असते, म्हणून ती आलेखाला दोनदा भेटू शकत नाही.

खुद्द y = x + 1 ही रेषा तपासली तर गंमत आणखी वाढते. x² + 3 = (x + 1)(x − 1) यातून x² आणि x दोन्ही उडून जातात आणि 4 = 0 उरते. a, b, c च्या जागी 0, 0, 4 ठेवून यांत्रिकपणे विवेचक काढला तर तो शून्य येतो आणि ‘रेषा स्पर्श करते’ असा निष्कर्ष निघतो, तर खरे पाहता ती आलेखाला कधीच भेटत नाही. तेव्हा विवेचक काढण्याआधी x² चा सहगुणक शून्य होतो का, हे पाहावे. होत असेल तर ती किंमत बाजूला काढून स्वतंत्र सोडवावी.

दुसरी चूक छेदाने गुणताना घडते. गुणताना छेद शून्य नाही असे गृहीत धरलेले असते, पण नव्या समीकरणाला त्याची आठवण नसते. वरच्या उदाहरणात x = 1 ठेवल्यास वर्गपदीची किंमत m काहीही असली तरी 4 येते, त्यामुळे 1 हे खोटे मूळ कधीच शिरत नाही. अंश आणि छेद यांना सामाईक अवयव असला की मात्र सावध राहावे लागते. y = (x − 1)/(x² − x) हा आलेख y = 1/x सारखाच आहे, फक्त x = 1 पाशी त्यात एक भोक आहे. y = k शी जुळवल्यावर kx² − (k + 1)x + 1 = 0 मिळते, विवेचक (k − 1)². k = 2 साठी मुळे 1 आणि 1/2; त्यातले 1 बाद, म्हणून छेदनबिंदू एकच. k = 1 ला विवेचक शून्य, दोन्ही मुळे 1, दोन्ही बाद. रेषा नेमकी भोकातून जाते.

या रीतीची मर्यादा पदांच्या घातांकातच आहे. छेद दुसऱ्या घाताचा असला आणि रेषा तिरपी असली, तर गुणाकारानंतर सहसा x³ चे पद येते. मग b² − 4ac चा उपयोग नाही. आडव्या रेषेसाठी मात्र अंश आणि छेद दोन्ही दुसऱ्या घाताचे असले तरी समीकरण दुसऱ्या घातापलीकडे जात नाही, आणि वरच्या दोन तपासण्या केल्या की रीत तशीच चालते.