कागद एकसारखे, दार वेगळे

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. वसुली झाली, वही बंद व्हायची वेळ आली, तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या नर्सिंगसाठी गटातून पंचेचाळीस हजार घेतले होते. हप्ते फिटले, पण नोकरी काही लागली नाही. कागद तर आहे की!"

तो कागद आम्ही पाहिला. जाड, सोनेरी किनारीचा, वर मोठ्या अक्षरांत 'डिप्लोमा इन नर्सिंग'. मुदत एक वर्ष. पोरीने बारावी कला शाखेतून केली, मग तालुक्याच्या गावी हा क्लास लावला. नंतर एका लहान दवाखान्यात रात्रपाळीला राहिली. तिथे सगळे तिला 'सिस्टर' म्हणायचे. पुढे सरकारी उपकेंद्रासाठी आरोग्य सेविकेची जाहिरात निघाली. अर्जात एक रकाना होता: महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता, आणि त्या कागदावर मिळणारही नव्हता.

आज याच रकान्याबद्दल बोलू. पदवी, पदविका म्हणजे डिप्लोमा, आणि प्रमाणपत्र, हे तीन शब्द आपण सारखे ऐकतो. आपल्याला वाटतं, पदवी मोठी, डिप्लोमा मधला, प्रमाणपत्र लहान. पण कागदावर कोणता शब्द छापलाय, याआधी तो कागद कोणी दिला हे बघायचं असतं.

पदवी कोणालाही देता येत नाही. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने तो अधिकार विद्यापीठांना आणि तशाच मान्यता असलेल्या संस्थांना दिलेला आहे. 'डिप्लोमा' आणि 'प्रमाणपत्र' या शब्दांना मात्र असं कुंपण नाही. सरकारी मंडळही डिप्लोमा देतं, आणि गल्लीतला क्लासही देतो. दोन्ही कागद दिसायला सारखेच.

आता नर्सिंगचं बघा. इथे मान्यतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली एएनएम, दोन वर्षांची. बारावी झालेल्या मुलीला, कला शाखेच्याही, तिथे प्रवेश मिळतो. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची, हा डिप्लोमा. तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि प्रवेश परीक्षाही असते. यातली कोणतीही पायरी मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केली, की परिषदेकडे नाव नोंदवता येतं.

नोकरी देणारे या तिघींकडे कसं बघतात? एएनएम झालेली मुलगी उपकेंद्रावर आरोग्य सेविका होऊ शकते. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, गावभेटी हे तिचं काम. त्या जागेसाठी हीच पायरी मागतात, म्हणून तिथे एएनएम कमी ठरत नाही. मोठ्या रुग्णालयातल्या वॉर्डात स्टाफ नर्स हवी असेल, तर जीएनएम किंवा बीएस्सी विचारतात. दिल्ली-नागपूरसारख्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत तर नियमच लिहिलेला आहे. बीएस्सीवाली थेट अर्ज करू शकते. जीएनएमवालीने किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं. म्हणजे डिप्लोमाला दार बंद नाही, फक्त उंबऱ्यावर दोन वर्षांचा अनुभव मागतात. नोंदणी मात्र दोघींनाही लागते.

या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्याही आहेत. नोंदणी झालेली एएनएम पुढे जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेऊ शकते. म्हणून घरची ऐपत आज दोनच वर्षांची असेल, तर एएनएम घेणं चूक नाही. चूक होते ती या जिन्याच्या बाहेरचा कागद घेण्यात. त्या वहिनींच्या लेकीचं तेच झालं. तिचं एक वर्ष पुढच्या कुठल्याही पायरीत धरलं जात नाही.

मग लहान दवाखान्याने तिला ठेवलं कसं? मदतनीस म्हणून, मदतनिसाच्या पगारावर. हाक 'सिस्टर' अशी मारली, तरी हजेरीपटावर ती नर्स नव्हती. मदतनिसाचं काम कमीपणाचं नाही. त्यासाठी जनरल ड्यूटी असिस्टंट नावाचा, काही महिन्यांचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही आहे. रुग्णाला उठवणं, अंघोळ घालणं, खाऊ घालणं त्यात शिकवतात, आणि हा नर्सिंगचा अभ्यासक्रम नाही हे आधीच सांगतात. मदतनिसाचं शिक्षण नर्सच्या नावाने विकलं, की फसवणूक होते.

नर्सिंगला नोंदणीची अट आहे, तशी सगळीकडे नसते. कारखान्यात आयटीआयचं दोन वर्षांचं फिटरचं किंवा इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र घेऊन गेलेली मुलगी यंत्रावर काम करते. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेलीला पर्यवेक्षक म्हणून घेतात. यंत्रावर माणूस हवा असेल, तर मालक इंजिनिअरपेक्षा आयटीआयवालीच बघतो, कारण तिचा हात बसलेला असतो. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला कोणतीही पदवी चालते, पण सोबत मराठी टंकलेखनाचं मिनिटाला 30 शब्दांचं किंवा इंग्रजीचं 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. तिथे नुसती पदवी अपुरी आणि नुसतं प्रमाणपत्रही अपुरं. आणि कपडे शिवण्याच्या युनिटमध्ये? तिथे बहुतेक वेळा कागद बाजूला ठेवतात, कापड हातात देतात आणि म्हणतात, "कॉलर लावून दाखवा."

म्हणून गटातून शिक्षणासाठी कर्ज मंजूर करण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहून घ्या. एक, परीक्षा कोण घेतं? एएनएम, जीएनएमची परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षणाचं राज्य मंडळ घेतं, क्लास स्वतः घेत नाही. दोन, हा कोर्स झाल्यावर परिषदेकडे नोंदणी होते का? संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यता यादीत स्वतः शोधा, भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर विसंबू नका. तीन, ज्या नोकरीसाठी शिकायचं तिची जुनी जाहिरात मिळवा आणि 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना मोठ्याने वाचा. तिथले शब्द आणि कोर्सचे शब्द जुळले, तरच पैसे भरा. 'दहावी पास, एका वर्षात नर्स' किंवा 'घरी बसून नर्सिंग' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. वॉर्डात उभं राहिल्याशिवाय नर्सिंग शिकता येत नाही, आणि तशा कागदावर नोंदणीही होत नाही.

त्या वहिनींच्या लेकीचं पुढे काय झालं? गटाने परिषदेची यादी एकत्र बसून पाहिली आणि जिल्ह्यातली एक मान्यताप्राप्त संस्था शोधली. बारावी तिची होतीच. एएनएमच्या पहिल्या वर्षापासून तिने पुन्हा सुरुवात केली. गटाने दुसऱ्यांदा कर्ज दिलं. या वेळी अर्जासोबत त्या जाहिरातीची झेरॉक्स जोडून घेतली, आणि पात्रतेच्या रकान्याखाली लाल पेनाने रेघ मारली.