दास सैनिक ते सत्ताधारी : उस्मानी जॅनिसरींचा उदय

चौदाव्या शतकात उस्मानी तुर्कांनी अनातोलियातून बाल्कन प्रदेशात पाय रोवले, तेव्हा त्यांच्या फौजेचा कणा घोडेस्वारांचा होता. सीमेवरचे तुर्कमेन सरदार आपापल्या टोळ्या घेऊन लढत, तर सिपाही नावाच्या स्वारांना चाकरीच्या मोबदल्यात गावांचा महसूल तोडून दिलेला असे. या व्यवस्थेला तिमार म्हणत. सरदारांची निष्ठा आधी स्वतःच्या घराण्याशी होती आणि मोहीम लांबली की सिपाह्यांचे लक्ष आपल्या महसुलाकडे लागे, त्यामुळे कोणत्याही सरदाराच्या मर्जीवर न चालणारी, वर्षभर हाताशी असणारी फौज सुलतानाला हवी होती.

पहिला मुराद (कारकीर्द १३६२–१३८९) याच्या काळात युद्धकैद्यांपैकी एकपंचमांश हिस्सा सुलतानाचा मानून त्यातून जॅनिसरी, म्हणजे ‘नवे सैन्य’, हे पायदळ उभे राहिले. पुढे कैदी पुरेनासे झाल्यावर ‘देवशिर्मे’ ही पद्धत आली, जिच्यात बाल्कनमधील ख्रिस्ती रयतेकडून काही वर्षांच्या अंतराने मुलगे सक्तीने उचलले जात. साधारणपणे चाळीस घरांमागे एक मुलगा घेतला जाई, एकुलत्या एकाला व विवाहिताला वगळण्याचा नियम होता, आणि तरीही आईवडिलांच्या दृष्टीने ती कायमची ताटातूट असे. मुलांचे धर्मांतर करून त्यांना अनातोलियातील तुर्की शेतकऱ्यांकडे काही वर्षे कामाला ठेवत. तेथे भाषा, चालीरीती आणि अंगमेहनत अंगवळणी पडल्यावर राजधानीत उमेदवारी करून ते बराकीत दाखल होत.

अशा सैनिकाला पाठीशी उभे राहील असे घराणे किंवा जमीन उरत नसे. लग्नाला आणि व्यापाराला मनाई होती, पगार दर तीन महिन्यांनी खजिन्यातून रोख मिळे, आणि मुले झालीच तर ती जन्माने स्वतंत्र मुसलमान ठरत असल्याने त्यांना सैन्यात वारसाहक्क नसे. म्हणजेच या पलटणीतून नवे सरदार घराणे उभे राहू नये, याचीच ही तजवीज होती.

बंदुकीमुळे या रचनेचे मोल आणखी वाढले. घोड्यावरून धनुष्य आणि तलवार चालवण्यात प्रतिष्ठा मानणारा स्वार बंदुकीला नाक मुरडी, शिवाय धावत्या घोड्यावर ती भरणेही अवघड होते. उलट बराकीत राहणाऱ्या पायदळाला एकत्र कवायत देता येई आणि सरकारी शस्त्रागारातून बंदुका व दारू पुरवता येई. १५१४ मध्ये चाल्दिरान येथे साखळीने जोडलेल्या गाड्यांच्या आडून तोफा आणि जॅनिसरींच्या बंदुका चालल्या, तेव्हा इराणच्या शाह इस्माईलच्या नामांकित घोडदळाचा मारा त्यांच्यापुढे टिकला नाही.

मात्र राजधानीत एकत्र राहणारी, शस्त्रसज्ज आणि रोख पगारावर अवलंबून असलेली फौज खजिन्याला ओढ लागताच एकमुखाने बोलू शकत होती. याची चुणूक १४४६ मध्येच एदिर्ने येथे दिसली. चौदा वर्षांचा दुसरा मेहमेद गादीवर असताना नाण्यातील चांदी घटवली गेली, म्हणजे पगाराचा आकडा तोच राहून त्याची किंमत उतरली. जॅनिसरी शहराबाहेरच्या टेकडीवर जमले आणि रोजच्या पगारात अर्ध्या आकचे नाण्याची वाढ मिळवूनच परतले. थोड्याच काळात मेहमेदचा पिता दुसरा मुराद पुन्हा गादीवर आला. नव्या सुलतानाने राज्यारोहणाच्या वेळी फौजेला बक्षिसी द्यायची, ही प्रथाही रुजली. १५१२ मध्ये दुसऱ्या बायझीदला गादी सोडायला लावून त्याच्या मुलाला, सलीमला, बसवण्यात जॅनिसरींचाच जोर निर्णायक ठरला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हाब्सबर्गांशी झालेल्या दीर्घ युद्धात बंदूकधारी पायदळाची गरज वाढली, तशी भरतीची जुनी बंधने सैल झाली. लग्ने होऊ लागली, सैनिकांचे मुलगे व शहरातील मुसलमानही पटावर आले. शतकाच्या आरंभी दहा-बारा हजार असलेली संख्या १६०९ पर्यंत सदतीस हजारांच्या वर गेली. पगार पुरेना म्हणून सैनिक दुकाने व हस्तव्यवसायांत शिरले, त्यामुळे त्यांच्या मागण्यांना बाजारपेठेचे बळ मिळाले.

दुसऱ्या उस्मानला याची जबर किंमत मोजावी लागली. १६२१ ची पोलंडवरील खोतिनची मोहीम फसल्याचा ठपका त्याने जॅनिसरींवर ठेवला, आणि पुढच्या वर्षी तो मक्केच्या यात्रेची तयारी करू लागताच, यात्रा हे निमित्त असून अनातोलिया, सीरिया व इजिप्तमधून पर्यायी फौज उभारण्याचा बेत आहे, अशी बातमी पसरली. मे १६२२ मध्ये बंडखोरांनी आधी काही दरबाऱ्यांची शिरे मागितली; सुलतान अडून बसल्यावर ते राजवाड्यात घुसले, कोंडून ठेवलेल्या त्याच्या चुलत्याला, मुस्तफाला, गादीवर बसवले आणि उस्मानला येदिकुले किल्ल्यात नेऊन ठार मारले. तरीही उस्मानी घराणे हटवण्याचा विचार त्यांनी केला नाही, कारण त्यांचा पगार आणि हक्क त्या घराण्याच्या नावावरच उभे होते. त्यांना सुलतान हवा होता, फक्त तो आपल्याला बाजूला सारू न शकणारा हवा होता.

म्हणूनच पर्यायी फौज हाच पुढील दोन शतकांतला खरा वाद ठरला. तिसऱ्या सलीमने नवी कवायती फौज उभारली आणि १८०७ मध्ये गादी गमावली. दुसऱ्या महमूदने आधी तोफखाना आणि उलेमा, म्हणजे धर्मशास्त्री, आपल्या बाजूला वळवले, आणि जून १८२६ मध्ये बंड होताच जॅनिसरींच्या बराकींवर तोफा डागून ती संस्थाच मोडीत काढली. सरदारांना तोलून धरण्यासाठी सुलतानांनी हे पायदळ उभारले होते, पण त्या पायदळाला तोलून धरणारे दुसरे बळ हाती येईपर्यंत राजधानीतील अखेरचा शब्द अनेकदा त्याचाच राहिला.