कट न मारलेला शॉट

सीएनसी लेथ घेणारा कारखानदार जाहिरात पाहून चेक फाडत नाही. मालक, प्रॉडक्शनवाला आणि क्वालिटीवाला एकच फिल्म आपापली शंका घेऊन पुन्हा पुन्हा पाहतात. म्हणून दोन मिनिटांच्या पटकथेत एकच जॉब घ्यावा. समजा, 25 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, टॉलरन्स अधिक-उणे 10 मायक्रॉन. मटेरियल, टूल, स्पीड आणि फीड सुरुवातीलाच पडद्यावर लिहावं. मग जॉब चकमध्ये धरल्यापासून बाहेर काढेपर्यंत सलग शॉट, कोपऱ्यात चालू घड्याळ. इथे कट मारला की सायकल टाइमवरचा विश्वास गेलाच.

खरी परीक्षा पुढे आहे. मशीन तापलं की स्पिंडल प्रसरण पावतो आणि माप सरकतं. त्यामुळे थंड मशीनवरचा पहिला नग आणि तापल्यावरचा पन्नासावा, दोन्ही मायक्रोमीटरवर मोजताना दाखवावेत, आकडा वाचता येईल इतक्या जवळून. मध्ये ऑफसेट बदलला असेल तर तेही लिहावं. क्वालिटीवाला ते विचारणारच. कुलंटच्या फवाऱ्यात कटिंग दिसत नाही, म्हणून काही जण कुलंट बंद करून शूट करतात. तो तुकडा वेगळा ठेवावा आणि पडद्यावर तसं स्पष्ट सांगावं.