साडेबारा वाजता भरणारी पहिली

मुख्याध्यापिका म्हणून मी बरीच भाषणं केली, पण सगळ्यात जास्त वेळा खोडून लिहिलं ते जेमतेम चार मिनिटांचं होतं. दिवस होता शनिवार, १५ जून २०२४, शाळेचा पहिला दिवस. विषय होता बदललेलं वेळापत्रक.

झालं असं होतं की, डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदलायला हव्यात, असं सुचवलं. फेब्रुवारीत शासन निर्णय आला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कागदावर सोपं वाटतं. पण आमची शाळा दोन सत्रांत भरणारी. सकाळी ७.१० ते ११.५५ पहिली ते चौथी, दुपारी त्याच खोल्यांत पाचवी ते दहावी. लहानांना नऊला बोलावलं तर ते दुपारी दोनपर्यंत खोल्या अडवणार, मग मोठे बसणार कुठे? अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे सवलत मागता येत होती. आम्ही ती न मागता सत्रांची अदलाबदल केली. मोठे सकाळी ७ ते १२.१०, लहान दुपारी १२.३० ते ५.१५.

लहानांचं गणित असं बसलं : पंधरा मिनिटं परिपाठ, तीस मिनिटांच्या चार तासिका, पंचवीस मिनिटांची मोठी सुट्टी, पुन्हा चार तासिका, शेवटची पाच मिनिटं वंदे मातरम् आणि रांगा. म्हणजे रोज चार तास शिकवणं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास लागतात. शनिवारच्या अर्ध्या शाळेची तूट त्यावरचे दिवस भरून काढतात.

भाषणाचा पहिला खर्डा शासन निर्णयापासून सुरू होत होता. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने तो वाचला आणि म्हणाल्या, "बाई, पालक छत्री धरून उभे असतील. त्यांना आधी वेळ सांगा, कारण मग." त्यांचं म्हणणं पटलं. उभ्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : माझ्या मुलाला किती वाजता आणायचं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही कानात शिरत नाही. शिक्षकांना मात्र मी सगळं आठवडाभर आधीच सांगितलं होतं. ज्यांची संध्याकाळ आता शाळेत जाणार होती, त्यांनी ते पहिल्यांदा माइकवरून ऐकणं बरं नव्हतं.

शेवटी बोलले ते साधारण असं :

"मुलांनो, पालकहो आणि माझ्या सहकाऱ्यांनो, सोमवारी ईदची सुट्टी आहे. मंगळवार, १८ जूनपासून पहिली ते चौथी दुपारी साडेबाराला भरेल आणि सव्वापाचला सुटेल. पाचवी ते दहावी सकाळी सातला भरेल, बारा दहाला सुटेल. लहान मुलं मागच्या फाटकातून आत येतील, मोठी पुढच्या फाटकातून बाहेर जातील. लहान मुलांना घरून जेवून पाठवा. खिचडी पावणेतीनला, मोठ्या सुट्टीत मिळेल. लहानांची सकाळची झोप पुरी व्हावी म्हणून हा बदल आहे. त्याची झळ मोठ्या मुलांना लागणार, हे मला माहीत आहे. त्यांना आता लवकर उठावं लागेल. म्हणून सकाळी पहिल्या तासिकेला चाचणी ठेवणार नाही. ज्यांच्या घरी सकाळी लहान मुलाजवळ कोणी नसतं, त्यांनी आज थांबून मला भेटा."

मोठ्या मुलांबद्दलचं ते वाक्य काढून टाका, असं मला काहींनी सुचवलं होतं. मी ते ठेवलं. किशोरवयात झोप येण्याची वेळ शरीरातच पुढे सरकते; दहावीच्या मुलाला नऊला अंथरुणावर पाठवलं तरी त्याला झोप लागत नाही. हे ठाऊक असून गप्प राहिले असते, तर आठवीच्या पालकांनी पुढचं काहीच मानलं नसतं.

चूक निघाली ती वाटलेल्या पत्रकात. शनिवारच्या रकान्यात जुन्या सवयीने लहानांची वेळ सकाळी ७.३० छापली गेली होती. दुपारच्या शाळा शनिवारी सकाळी भरतात, तोच हात वळला. पण चौथीपर्यंत नऊच्या आधीची कुठलीच वेळ चालणार नव्हती, आणि खोल्याही रिकाम्या नव्हत्या. एका आईने तिथेच उभं राहून विचारलं. मी माइकवरूनच चूक कबूल केली आणि दुरुस्ती सांगितली : शनिवारी मोठे ७ ते १०.१५, लहान १०.३० ते १.३०. शिक्षकांनी उरलेल्या गठ्ठ्यावर पेनने वेळा बदलल्या.

भाषणानंतर अकरा पालक थांबले. बहुतेकांची अडचण एकच : आई-वडील दोघंही साडेआठला कामावर जातात, दुपारी मुलाला शाळेत कोण आणणार? सात घरांमध्ये मोठं भावंडं आमच्याच शाळेत होतं, पण ते बारा दहाला सुटून घरी जाऊन धाकट्याला आणेपर्यंत परिपाठ संपला असता. त्यांच्यासाठी वाचनालयाची खोली सकाळी नऊपासून उघडी ठेवली. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी शेजारणीची सोय केली, दोन मुलं दुसऱ्या शाळेत गेली.

मंगळवारी बारा वाजता मी मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. सातवीतली एक मुलगी घाईघाईने वाचनालयाकडे गेली, धाकट्या भावाला हाताला धरून पहिलीच्या वर्गापर्यंत घेऊन आली, स्वतःची अर्धी उरलेली पाण्याची बाटली त्याच्या दप्तरात खोचली आणि एकटीच घरी निघाली.